खोली छोटी, वारा खारा: पंखा घ्यावा की कूलर?

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत मार्च महिन्यात नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान 41.7 अंश सेल्सिअस आहे, तारीख 28 मार्च 1956. एप्रिलमध्ये पारा त्याच्याही वर गेला होता. 14 एप्रिल 1952 रोजी तो 42.2 अंशांवर होता. मे महिना आपल्याला सर्वांत त्रासाचा वाटतो, पण इतका चढा पारा मार्च-एप्रिलमध्येच दिसतो. वसई-विरारमधल्या छोट्या खोलीसाठी पंखा घ्यायचा की कूलर, हे ठरवताना हा फरक आधी समजून घ्यावा लागतो.

आपल्या किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून येतो, पूर्वेकडून. दुपारच्या सुमाराला तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. मेमध्ये हा खारा वारा वेळेवर येतो, म्हणून पारा 33-34 अंशांवरच थांबतो, पण हवेत पाणी भरपूर असतं आणि घाम वाळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राच्या वाऱ्याला दुपारी दोन-तीनपर्यंत अडवून धरतो. तुंगारेश्वरच्या पलीकडची तापलेली, कोरडी हवा तोवर थेट आपल्या खिडकीत येत राहते. नालासोपारा पूर्व, विरार पूर्व, वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीचा पट्टा या भागांना ती आधी आणि जास्त वेळ लागते. भुईगाव किंवा अर्नाळ्याकडे खारा वारा लवकर पोचतो, त्यामुळे तिथे सुटकाही लवकर होते.

म्हणजे वसईतला कोरडा उन्हाळा हा अख्ख्या मोसमाचा मामला नाही. तो मोजक्या दिवसांचा, आणि त्या दिवसांतही मोजक्या तासांचा असतो. नागपूर किंवा जळगावच्या पाहुण्यांनी कूलरची कितीही तारीफ केली तरी त्यांची हवा वेगळी, आपली वेगळी. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिले पैसे चांगल्या छताच्या पंख्यावर घालावेत. कूलर त्यानंतर, आणि तोही पुढे सांगितलेल्या अटींवर.

कूलर गारवा तयार करतो तो पाण्याची वाफ करून. माठातलं पाणी ज्या कारणाने थंड होतं, तेच इथे हवेचं होतं. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते आणि हवा थंड होते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त. मार्चच्या अखेरीस माठातलं पाणी दातांना लागेल इतकं गार असतं आणि मेच्या मध्यावर तोच माठ जेमतेम निववतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कूलरचंही अगदी तसंच होतं.

आता आकड्यांत बघू. पूर्वेचा वारा सुटलेल्या दुपारी तापमान 39 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर त्या हवेला पाण्याच्या वाफेने जास्तीत जास्त 22 अंशांपर्यंत उतरवता येतं. तिथे फरक 17 अंशांचा आहे. चांगल्या जाळीचा कूलर या फरकाचा साधारण तीनचतुर्थांश भाग मिळवून देतो. म्हणजे त्याच्या तोंडातून 26 अंशांच्या आसपासची हवा येईल. हा फार मोठा आराम आहे, त्यात शंका नाही. मेच्या दुपारी मात्र तापमान 34 आणि आर्द्रता 65 टक्के असते. तिथे तळ साडेअठ्ठावीस अंशांवरच लागतो, फरक उरतो जेमतेम साडेपाच अंशांचा. कूलरमधून येणारी हवा 30 अंशांची असेल, पण तिच्यातली आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात गेलेली असेल. अशा हवेत अंगावरचा घाम हलत नाही. चादर दमट लागते, जमीन चिकचिकते, आणि कूलर बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त उकडतं.

छोट्या खोलीत आणखी एक अडचण येते, आणि बहुतेक लोकांची फसगत तिथेच होते. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात साधारण 25 घनमीटर हवा मावते. वर सांगितलेल्या 39 अंशांच्या कोरड्या हवेने ही खोली भरलेली असेल, तर तेवढ्या हवेला ओलाव्याने पूर्ण भरायला पाणी लागतं फक्त सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभर. मेच्या हवेत तर 80 मिलिलिटरमध्येच काम आटोपतं. कूलर इतकं पाणी काही मिनिटांत उडवतो. दार-खिडकी लावून, एसीसारखा कोपऱ्यात ठेवून कूलर चालवला की पहिली दहा मिनिटं छान वाटतं आणि मग गुदमरायला होतं, त्याचं कारण हे. तीच ओली हवा तो पुन्हा पुन्हा ओढत बसतो. कूलरला मागून सतत बाहेरची कोरडी हवा हवी आणि खोलीतली ओली हवा समोरून बाहेर जायला वाट हवी. ज्या खोलीला एकच खिडकी आहे आणि दार बंद पॅसेजमध्ये उघडतं, तिथे कूलर घेऊच नये.

आपली हवा कूलरजोगी आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी घरी तपासता येतं. भिंतीवर लावतात तसा साधा थर्मामीटर घ्या. तापाचा थर्मामीटर चालणार नाही. आधी तो खिडकीशी, सावलीत पाच मिनिटं ठेवून आकडा लिहा. मग त्याच्या फुग्यावर पातळ सुती कापडाची चिंधी गुंडाळा, ती माठातल्या नव्हे तर खोलीत ठेवलेल्या साध्या पाण्याने भिजवा आणि टेबल फॅनच्या वाऱ्यात धरा. चार-पाच मिनिटांत पारा उतरून एका जागी थांबेल. दोन्ही आकड्यांतला फरक 12 अंश किंवा जास्त आला तर त्या वेळी कूलर उत्तम चालेल. सात ते बारा आला तर कूलरच्या तोंडाशी बसणाऱ्याला बरं वाटेल, खोली मात्र फारशी निवणार नाही. सातच्या खाली आला तर पाण्याचा पंप चालवण्यात अर्थ नाही. ही तपासणी एकाच दिवशी सकाळी अकरा, दुपारी तीन आणि रात्री दहा अशी तीनदा करा. पूर्वेचा वारा असलेल्या दिवशी अकराचा फरक मोठा येईल, खारा वारा आल्यावर तो झपकन कमी होईल आणि रात्री तर आणखी खाली जाईल. आपल्या घराला कूलरचे किती तास मिळतात, ते यातून थेट कळतं.

एक घर धरून चालू. नालासोपारा पूर्वेला चार मजली इमारत, घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. बाहेरची खोली दहा बाय दहा, पूर्वेला खिडकी, आत स्वयंपाकघर आणि त्याला पश्चिमेची छोटी खिडकी. घरात एक म्हातारं माणूस दिवसभर असतं. अशा घरात कूलरला जागा आहे. त्याची पाठ पूर्वेच्या खिडकीकडे, खिडकीपासून वीतभर आत, स्टँडवर. बॉक्स ग्रिलमध्ये तो ठेवू नये, कारण 40 लिटर पाणी आणि यंत्राचं वजन मिळून 50 किलोच्या वर जातं आणि ती ग्रिल एवढ्या वजनासाठी लावलेली नसते. कूलरच्या बाजूने खिडकीचा उरलेला भाग पुठ्ठ्याने किंवा पडद्याने झाकावा. आतलं दार चार-पाच इंच उघडं आणि स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडी ठेवावी. वाट बरोबर मिळाली की नाही, ते उदबत्तीने कळतं. दाराच्या फटीत पेटती उदबत्ती धरा, धूर स्वयंपाकघराकडे सरळ ओढला गेला पाहिजे. तो जागच्या जागी घुटमळला तर फट वाढवा.

या खोलीला ताशी 750 ते 1000 घनमीटर हवा देणारा कूलर पुरतो, म्हणजे खोलीतली हवा तासाला तीस-चाळीस वेळा बदलते. दुकानात मोठा डेझर्ट कूलर माथी मारतील, तो इथे नको. कूलर चालू असताना छताचा पंखा बंद किंवा अगदी हळू ठेवावा. जोरात ठेवला तर स्लॅबखाली साचलेली गरम हवा तो खाली ढकलतो आणि कूलरचा वारा विस्कटतो. सकाळी दहाच्या सुमाराला पंप सुरू करावा आणि खिडकीतून येणारा वारा पडला, पश्चिमेच्या खिडकीतून झुळूक आत येऊ लागली की पंप बंद करावा. पंपासाठी वेगळं बटण असलेलाच कूलर घ्यावा तो यासाठी. खारा वारा सुरू झाल्यावर छताचा पंखा पूर्ण जोरात. रात्री कूलरचा फक्त पंखा, पाण्याविना, खिडकीतून बाहेरची हवा आत ओढायला वापरता येतो आणि वरच्या मजल्यावर त्याचा मोठा उपयोग होतो.

हेच घर दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडच्या बाजूला किंवा वसई गावात असतं, तर मी कूलर सुचवला नसता.

आता पंख्याबद्दल. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम लवकर उडवतो. म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात काही मिळत नाही आणि माणूस बसलेल्या जागेवर वारा पोचतो की नाही यावर सगळं अवलंबून असतं. दहा बाय दहाच्या खोलीला 1200 मिलिमीटरचा, म्हणजे 48 इंची पंखा बरोबर. आठ बाय आठच्या आतल्या खोलीला 900 मिलिमीटरचा घ्यावा. पाती जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर आणि छतापासून निदान फूटभर खाली हवीत. पंखा छताला चिकटून बसला की त्याला वरून हवा मिळत नाही आणि तो नुसता आवाज करतो. चाळीतल्या खोल्यांत पोटमाळ्यामुळे पंखा एका बाजूला लागतो आणि अर्धा वारा माळ्याच्या कडेवर आपटतो. अशा ठिकाणी छताच्या पंख्याचा हट्ट न धरता भिंतीवरचा पंखा झोपण्याच्या जागेकडे तोंड करून लावला तर जास्त वारा मिळतो.

घरातला जुना पंखा हळू फिरत असेल तर नवा घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. पात्यांच्या पुढच्या कडेवर साचलेली धूळ ओल्या फडक्याने काढा, नुसत्या तेवढ्याने फरक पडतो. तरी पंखा रेंगाळत असेल, किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होत असेल, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. मोठ्या छताच्या पंख्याला तो बहुतेक वेळा अडीच एमएफडीचा असतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याचाच घ्यावा. जास्त एमएफडीचा घातला की पंखा पळतो खरा, पण वाइंडिंग तापतं आणि काही दिवसांत जळतं. कंडेन्सर बदलूनही वेग येत नसेल आणि हाताने फिरवताना खरखर लागत असेल, तर बेअरिंग गेलं.

नवा पंखा घ्यायचा तर बीएलडीसी मोटरचा घ्या, असं मी ठामपणे सांगेन. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघूनच निवडा. जुना पंखा 75 वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी 30 वॉटच्या आसपास. रोज दहा तास धरले तर जुन्याचे महिन्याला साडेबावीस युनिट होतात, नव्याचे नऊ. महावितरणच्या बिलात युनिट वाढले की दराचा टप्पाही वर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात ही बचत आणखी ठळक होते. इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर हा पंखा दुप्पट वेळ चालतो. कूलरचे 150 वॉट धरले तर पाच तासांना पाऊण युनिट लागतं, जुन्या पंख्याच्या दहा तासांइतकंच. तेव्हा विजेपेक्षा कूलरचा खरा खर्च पाण्याचा आहे.

कोरड्या दिवशी वर सांगितलेला कूलर तासाला चार-सहा लिटर पाणी उडवतो. पाच तासांचे 20 ते 30 लिटर झाले, म्हणजे दीड-दोन हंडे. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, तिथे हा विचार आधी करायला हवा. बोअरचं पाणी वापरू म्हणाल, तर आपल्या पट्ट्यात बऱ्याच बोअरचं पाणी खारं किंवा मचूळ आहे. पाणी उडून जातं आणि क्षार जाळीवर राहतात. जाळीवर पांढरी खरपुडी धरते, भोकं बुजतात आणि वारा कमी होतो. कूलर जुना झाला म्हणून लोक तक्रार करतात, पण दोष जाळीचा असतो. बोअरचं पाणी वापरायचंच तर टाकी रोज रिकामी करून ताजं भरावं, उरलेल्यात भर घालत राहू नये, कारण उरलेलं पाणी दिवसागणिक जास्त खारट होत जातं.

बर्फाच्या कप्प्याची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते. हिशेब असा की एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता 140 मिलिलिटरहून थोडं कमी पाणी उडताना घेतं. तासाला पाच लिटर उडवणाऱ्या कूलरला एवढं पाणी उडवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. शिवाय तो बर्फ करताना फ्रिजने स्वयंपाकघरात उष्णता सोडलेलीच असते. बर्फासाठी जादा पैसे देऊ नका.

कूलर नसलेल्या घरात त्या तीन-चार कोरड्या तासांचं काय करायचं, याचं चांगलं उत्तर आहे. सुती पंचा किंवा नॅपकिन भिजवून, पिळून मानेवर आणि हातांवर ठेवा, पायही ओले करा आणि पंख्याखाली बसा. कूलर जाळीवर जे काम करतो तेच इथे थेट अंगावर होतं, पाणीही पेलाभरच लागतं. हवा कोरडी असल्यामुळे पंचा वीस-पंचवीस मिनिटांत वाळतो, तो पुन्हा भिजवायचा. घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना याचा फार आधार होतो, कारण वयाबरोबर घाम कमी येतो आणि घामच नसेल तर कोरड्या अंगावर पंखा गरम हवेचा झोत मारत राहतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तापमान 40 अंशांच्या खाली असेल तेव्हाच पंखा वापरावा. खोलीतला पारा त्याच्या वर गेला तर त्या माणसाला खालच्या मजल्यावर, गारव्याच्या जागी न्यावं. बोलण्यात असंबद्धपणा, गुंगी, अंग तापलेलं असं दिसलं तर अंग भिजवायला सुरुवात करून लगेच दवाखाना गाठावा.

कूलर घेतलाच तर दोन गोष्टींत हयगय नको. पहिली विजेची. पत्र्याचा कूलर, ओली जमीन आणि अर्थिंग नसलेला सॉकेट एकत्र आले की जीव जातो. जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. वायरमनकडून ते तपासून घ्या आणि 30 मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवून घ्या, गळती होताच ते वीज तोडतं. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, पिन काढलीच पाहिजे. कूलर प्लास्टिकचा घेतला तर धोका कमी होतो, तरी आरसीसीबी हवंच.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या साध्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात. अंडी पाण्याच्या पातळीशी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि पाणी ओतून दिलं तरी तिथेच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासायच्या आणि पूर्ण वाळवायची. जाळीला कुजकट वास येऊ लागला तर तीही काढून उन्हात ठेवायची. वुडवूलची जाळी एकच मोसम टिकते, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याची जास्त चालते पण महाग पडते. कमी तास वापरणाऱ्याला वुडवूल पुरेशी आहे.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पंखा-कूलरच्या आधी गच्ची बघावी. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो. सोसायटीची परवानगी घेऊन मार्चच्या सुरुवातीला आपल्या खोलीवरच्या भागाला चुन्याचे दोन हात दिले, चुना धरून राहावा म्हणून त्यात फेविकॉलसारखा गोंद मिसळला, तर स्लॅब कमी तापतो आणि पंख्याचा वारा सुसह्य होतो. उन्हं परतवणारा तयार रंग मिळतो, तो महाग आहे पण पावसाळ्यात धुऊन जात नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी, कूलर आवरून ठेवावा. टाकीत पाणी भरून त्यात दोन वाट्या व्हिनेगर घालून फक्त पंप अर्धा तास चालवला की पंपाच्या नळीतले आणि जाळीवरचे क्षार बरेचसे सुटतात. मग दोन वेळा साधं पाणी फिरवून टाकी रिकामी करायची, बुडाचं झाकण उघडं ठेवायचं, जाळी काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवायची. वुडवूल असेल तर ती टाकून द्यायची. पंप बाहेर काढून, त्याच्या तोंडाची बारीक चाळणी घासून, कापडात गुंडाळून टाकीतच ठेवायचा, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये शोधाशोध होत नाही.